पाचवा शब्द

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या शाळांत एक दृश्य वारंवार दिसतं. बाप दारात उभा असतो आणि त्याच्या मागे दप्तर धरून पोर. दाखला असतो, कधी नसतोही. बाप म्हणतो, "बाई, पोरले वाचता येस." तो खोटं बोलत नसतो. पोरीला पाटी वाचताना त्याने पाहिलेलं असतं. दाखल्यावर 'इयत्ता पाचवी उत्तीर्ण' असं लिहिलेलं असतं, तेही खरंच असतं. पण सोमवारी वर्गात तिच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं, हे या दोन्हींमधून कळत नाही.

वर्ग कोणता, हा प्रश्न आपल्यासमोर नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो सोडवलेला आहे. अकरा वर्षांची मुलगी वयानुरूप वर्गात बसणार, मागे राहिलेलं तिला विशेष प्रशिक्षणातून भरून द्यायचं. आपल्यापुढचा प्रश्न त्यापेक्षा लहान आहे आणि रोजचा आहे. वाचनाच्या तासाला ती कोणत्या गटात बसेल? घरी वाचायला कोणती गोष्ट द्यायची? हे लवकर ठरवावं लागतं, कारण चुकीचं पुस्तक हातात घेऊन महिनाभर बसलेलं मूल पुढे पुस्तकच उघडत नाही. या कामासाठी मी जे वापरते ते आज तुम्हाला दाखवणार आहे. त्याचं नाव क्लोझ: मजकुरातले शब्द गाळायचे आणि त्या जागा मुलाकडून भरून घ्यायच्या. पण नावापेक्षा ते करायचं कसं आणि त्यात पाय कुठे घसरतो, यावरच मी जास्त बोलेन.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, रिकाम्या जागा भरा तर आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतोय. दिसायला दोन्ही सारखंच आहे, पण कामात फरक आहे. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात कोणता शब्द गाळायचा हे शिक्षक ठरवतो. धड्यातला महत्त्वाचा शब्द तो उचलतो आणि मुलाला ती माहिती आठवते का ते पाहतो. क्लोझमध्ये शब्द आपण निवडायचा नसतो, मोजणी निवडते. पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि दुसऱ्या वाक्यापासून मोजत दर पाचवा शब्द काढायचा. तो 'आणि' असो, 'बैल' असो की 'धावला' असो, आवडला म्हणून ठेवायचा नाही आणि अवघड वाटला म्हणून सोडायचा नाही. मूल धडा आधी वाचलेलं नसतं, त्यामुळे आठवायला काहीच नसतं. आजूबाजूच्या शब्दांतून अर्थ लावत गेलं तरच जागा भरते.

ही पद्धत १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने मांडली. तो पत्रकारितेच्या अंगाने याकडे आला होता. एखादा मजकूर लोकांना वाचायला किती सोपा किंवा अवघड जातो, हे त्याला मोजायचं होतं. अपुरी आकृती दिसली की आपलं मन ती पुरी करतं, हा गेस्टाल्ट मानसशास्त्रातला विचार, आणि त्यातल्या 'क्लोजर' या शब्दावरून क्लोझ हे नाव आलं. हा इतिहास मी एवढ्यासाठीच सांगते की क्लोझ मुळात मजकूर मोजायला जन्मलं, वाचणारा मोजायला ते नंतर वापरात आलं. म्हणून त्यातून येणारा आकडा त्या मुलीचा एकटीचा नसतो. तो त्या मुलीचा आणि त्या धड्याचा मिळून असतो. 'हिची पातळी ३८ टक्के' असं म्हणणं चूक. 'या धड्याशी हिची गाठ ३८ टक्के पडली' असं म्हणायला हवं.

आता तयारी. मुलीने वाचलेला नसेल असा धडा निवडायचा. मी जुन्या पाठ्यपुस्तकातला किंवा दुसऱ्या कुठल्या वाचनमालेतला घेते. सहावीत आलेल्या मुलीला सुरुवातीला पाचवीच्या तोडीचा मजकूर द्यायचा, म्हणजे पहिल्याच दिवशी ती पार खचत नाही. पन्नास जागा हव्यात म्हणजे दर पाचवा शब्द धरून अडीचशे शब्द लागतात. शिवाय सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य अख्खं ठेवायचं. सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या काढायच्या. शब्द लांब म्हणून रेघ लांब काढली की मूल रेघेवरून शब्द ताडतं. पन्नासच का, तर गुणाची दुप्पट केली की टक्केवारी येते आणि एखाद-दुसऱ्या जागेने निकाल फिरत नाही. लहान वर्गासाठी पंचवीस जागांची चाचणी केली तरी चालते, पण तिथे एकेक जागा चार टक्क्यांची होते, हे विसरायचं नाही.

माझ्या कागदातला एक तुकडा वाचून दाखवते. मजकूर मीच लिहिलेला आहे.

"गिरणा नदीच्या काठी एक छोटे गाव होते. गावात रामभाऊ नावाचा शेतकरी ______ होता. त्याच्याकडे दोन बैल ______ एक गाय होती. रोज ______ उठून तो बैलांना चारा ______ असे. मग बैलगाडी जुंपून ______ जाई. दुपारी त्याची मुलगी ______ घेऊन येत असे. दोघे ______ बसून जेवत."

काढलेले शब्द क्रमाने असे होते: राहत, आणि, पहाटे, घालत, शेतात, भाकरी, झाडाखाली. आता या सात शब्दांकडे नीट बघा, कारण मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. सातपैकी 'आणि' हा एकच जोडशब्द आहे, बाकीचे सहा अर्थाचे शब्द. इंग्रजी मजकुरात असं होत नाही. इंग्रजीत 'मध्ये', 'खाली', 'चा', 'ला' या अर्थांचे शब्द सुटे लिहिले जातात, शिवाय नामाआधी येणारी छोटी उपपदं असतात. म्हणून तिथे दर पाचवा शब्द काढला की जागांचा मोठा वाटा अशा छोट्या शब्दांचा असतो, आणि ती भाषा येणारा मुलगा ते सहज भरतो. आपल्याकडे 'खाली' झाडाला चिकटतं आणि 'त' शेताला चिकटतं. एक जागा भरायला मुलीला 'झाड' सुचावं लागतं, त्याचं 'झाडा' करावं लागतं आणि 'खाली' जोडावं लागतं. एका जागेत तीन कामं. म्हणून मराठी क्लोझ त्याच पाचव्या शब्दावर इंग्रजीपेक्षा अवघड होतं.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण आहे. क्लोझबद्दल वाचायला गेलात की तुम्हाला तीन पातळ्यांचा तक्ता भेटतो. या पातळ्यांना रूढ केलं ते एमेट बेट्सने, १९४६ मध्ये. मूल एकट्याने वाचू शकतं ती स्वतंत्र पातळी, शिक्षकाच्या मदतीने वाचू शकतं ती शिकवणीची पातळी आणि मदत करूनही थकून जातं ती वैतागाची पातळी. पुढे १९६७-६८ च्या सुमारास जॉन बोरमथने क्लोझचे गुण आणि आकलन चाचणीचे गुण शेजारी ठेवून पाहिले. क्लोझमधले ४४ टक्के हे तिथल्या ७५ टक्क्यांच्या बरोबरीचे निघाले आणि ५७ टक्के हे ९० टक्क्यांच्या. तेव्हापासून ढोबळ हिशेब असा चालत आला की ५७ च्या वर स्वतंत्र, ४४ ते ५७ शिकवणीची, ४४ च्या खाली वैताग. हे आकडे इंग्रजी मजकुराचे आहेत, इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचे आहेत आणि नेमका काढलेलाच शब्द लिहिला तर गुण या नियमाने काढलेले आहेत. ते उचलून गिरणाकाठच्या मुलांना लावले तर काय होतं, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगा आला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, बोलायला अहिराणी, वर्षातले चार-पाच महिने शाळेबाहेर. मी त्याला चौथीच्या मजकुराचं क्लोझ दिलं, नेमक्या शब्दाने तपासलं आणि त्याला तिशीतले टक्के पडले. तक्ता काढला, चव्वेचाळीसच्या खाली म्हणजे वैताग, असं ठरवलं आणि त्याला दुसरीच्या गोष्टींच्या गटात बसवलं. तीन आठवडे तो माझ्या तासाला आपलं पुस्तक दहा मिनिटांत संपवून खिडकीतून बाहेर बघत बसायचा. मी त्याला चंचल म्हटलं. मग एका रविवारी मी त्याचा कागद पुन्हा काढला. 'शेतात'च्या जागी त्याने 'वावरात' लिहिलं होतं. 'मुलगा'च्या जागी 'आंडोर'. 'घरात'च्या जागी 'घरमा'. 'आहे'च्या जागी 'शे'. या सगळ्यांवर मी फुल्या मारल्या होत्या. त्या मुलाला धडा कळला होता, इतका कळला होता की तो आपल्या घरच्या भाषेत पुढे बोलत गेला होता. तीन आठवडे त्याचे मी वाया घालवले. तेव्हापासून मी एकाच कागदावरून दोन आकडे काढते आणि दोन्ही वेगवेगळ्या कामाला लावते.

पहिला आकडा नेमक्या शब्दाचा. काढलेलाच शब्द आला तर गुण, नाही तर नाही. शुद्धलेखन चुकलं पण शब्द ओळखू येतो तर गुण द्यायचा, आपण वाचन तपासतोय, ऱ्हस्व-दीर्घ नाही. हा आकडा कठोर वाटतो, पण तो ठेवायलाच हवा, कारण दोन शिक्षिकांनी तोच कागद तपासला तर दोघींचे गुण सारखे येतात. 'पहाटे'च्या जागी 'सकाळी' चालेल का, 'घालत'च्या जागी 'टाकत' चालेल का, यावर तुमच्या-माझ्यात वाद होईल. नेमक्या शब्दाच्या नियमात तो वाद होत नाही. समानार्थी शब्द मोजले तरी मुलांचा क्रम साधारण तोच राहतो, हेही अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून मुलांची एकमेकांशी तुलना करायची ती याच आकड्यावरून.

दुसरा आकडा नेमका शब्द नसलेल्या पण वाक्यात बसणाऱ्या उत्तरांचा. त्यात 'सकाळी' येतो, 'वावरात' येतो, 'घरमा'ही येतो. यावरून मी पातळी ठरवत नाही, मुलगी वाचते कशी ते बघते. आणि खरं शिकायला मिळतं ते यातून उरलेल्या तिसऱ्या ढिगातून, चुकलेल्या जागांतून.

एक मुलगी आली होती, तिला रेखा म्हणू. अकरा वर्षांची, सहावीत. आजीजवळ दुसऱ्या गावी राहत होती, मग जुलैत आई-बापाकडे परत आली. घरी अहिराणी. मी सर्वांत आधी तिला दोन ओळी मोठ्याने वाचायला दिल्या. ही पायरी कधीच सोडू नका. मूल एकेक अक्षर जोडत वाचत असेल तर क्लोझ देऊच नये. त्या मुलासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही 'असर' सर्वेक्षणात वापरतात तशी तोंडी पायरी घ्यावी. रेखा अडखळत का होईना, वाक्य वाक्यासारखं वाचत होती. मग पाच जागांचा एक सरावाचा तुकडा दिला, कारण हा काय प्रकार आहे तेच मुलाला कळलेलं नसतं. तिला सांगितलं, आधी सगळं एकदा वाच, काही लिहू नको. मग पहिल्यापासून सुरू कर. एका जागेत एकच शब्द. सुचला नाही तर पुढे जा, नंतर मागे ये. वेळेचं बंधन नाही. तिला चाळीस मिनिटं लागली.

आधी सगळं वाच, हे मी का सांगते? मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'दुपारी त्याची मुलगी ______ घेऊन येत असे' या वाक्यात जागेच्या डावीकडे काहीच पक्कं नाही. 'मुलगी' नंतर 'शाळेत' येऊ शकतं, 'खेळत' येऊ शकतं. 'घेऊन येत' हे उजवीकडचं वाचल्यावरच कळतं की इथे आणण्याजोगी वस्तू हवी. मराठीतल्या बऱ्याच जागा उजवीकडून सुटतात. जे मूल डोळ्याने पुढे जाऊन परत मागे येतं, ते त्या भरतं. जे मूल जिथे बोट आहे तिथपर्यंतच वाचतं, ते अडतं. हा फरक आपल्याला मोठ्याने वाचनात ऐकू येत नाही. कागदावर मात्र तो लख्ख दिसतो.

रेखाच्या पाचवीच्या कागदात पन्नास जागा होत्या. नेमके शब्द १९ आले, म्हणजे ३८ टक्के. नेमके नाहीत पण बसतात असे ९, त्यातले चार अहिराणी वळणाचे. सहा जागा कोऱ्या होत्या आणि तीन उत्तरं मला वाचता आली नाहीत. उरलेल्या तेरा एकाच जातीच्या होत्या. 'मुलगी शाळेत घेऊन येत असे', 'तो बैलांना चारा खातो असे', अशा. डावीकडच्या दोन-तीन शब्दांना जुळणारं, उजवीकडे बघितलं असतं तर न लिहिलं असतं. म्हणजे शब्दसंग्रह हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न नव्हता. ती वाक्य पुरं करायच्या आत उत्तर देत होती.

बोरमथच्या तक्त्याप्रमाणे ३८ टक्के म्हणजे वैताग, मुलीला चौथीत किंवा तिसरीत उतरवा. मी ते केलं नाही. माझ्याजवळ दुसरा तक्ता होता, माझ्याच वर्गाचा.

तो असा तयार केला होता. तोच पाचवीचा मजकूर मी आधी माझ्या वर्गातल्या बारा मुलांना दिला होता, ज्यांचं वाचन मी दोन-दोन वर्षं ऐकत होते. त्यातल्या काहींना पाचवीचं पुस्तक दिलं की ती स्वतः वाचून गोष्ट सांगत, काहींना माझी सोबत लागे, काही पहिल्याच परिच्छेदात अडकून पडत. हे मला क्लोझच्या आधी माहीत होतं. मग त्यांचे गुण लिहिले. स्वतः वाचणाऱ्यांना नेमक्या शब्दाने २३ ते २९ जागा आल्या. सोबत लागणाऱ्यांना १४ ते २१. अडकणाऱ्यांना ५ ते १०. रेखाचे १९ मधल्या गटात बसतात. म्हणजे पाचवीचं पुस्तक माझ्या सोबतीने ती वाचू शकते, तिला खाली उतरवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी चौथीच्या मजकुराचं दुसरं क्लोझ दिलं, त्यात तिचे २७ आले. घरी एकटीने वाचायला चौथीच्या गोष्टी चालतील, याचा तो इशारा होता.

माझे हे आकडे उचलून तुम्ही वापरू नका. बारा मुलं म्हणजे फार थोडी, मजकूर माझा, मुलं माझी. चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यातल्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलांचे आकडे वेगळे येतील. उचलायची ती रीत. दोन मजकूर पक्के करा, आपल्या ओळखीच्या दहा-पंधरा मुलांना द्या, गट आधी आपल्या अनुभवावरून पाडा आणि मग गुण लावा. क्रम महत्त्वाचा आहे. गुण बघून गट पाडलेत तर तक्ता तुम्हाला तेच सांगेल जे तुम्ही त्यात घातलंत. आणि दोन गटांच्या सीमेवर, दोन-तीन जागांच्या फरकाने, काही ठरवू नका. एकोणीस आणि एकवीस यांत फरक नाही असं धरून चाला.

इथे अजून एक गोष्ट सांगायला हवी. पहिला शब्द कुठून मोजायला सुरू करता यावर चाचणी बदलते. एकाच मजकुरातून पाच वेगवेगळी क्लोझ निघतात, कारण मोजणी एक शब्द पुढे सरकली की सगळ्या जागा सरकतात. त्यात एखादी सोपी निघते, एखादी अवघड. म्हणून तक्ता ज्या कागदावर बनवला त्याच कागदावर नवीन मुलं तपासायची. 'तोच धडा आहे ना' म्हणून दुसऱ्या मोजणीचा कागद वापरला की तक्ता लागू पडत नाही. विशेष नामं आणि आकडे यांचंही आधी ठरवून टाका. कट्टर नियमात तेही गाळतात, पण पहिल्यांदाच येणारं गावाचं नाव कोणीच ओळखू शकत नाही. मी पहिल्यांदा येणारं नाव ठेवते आणि त्याच्या पुढचा शब्द काढते, प्रत्येक कागदात तसंच. कोणता नियम घेता यापेक्षा तो सगळीकडे एक असणं मला महत्त्वाचं वाटतं.

मजकुराचा विषयही पाहा. समुद्रकिनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धडा रेखाला दिला असता तर होडी, जाळं, भरती या जागा तिला भरता आल्या नसत्या आणि मी तिला वाचता येत नाही असं लिहून मोकळी झाले असते. कापूस, बैल, नदी हे तिच्या अंगणातलं होतं. तिचं वाचन मला तपासायचं होतं, समुद्राची माहिती नाही. पण याची दुसरी बाजू आहे. विषय इतका ओळखीचा असेल की न वाचताही उत्तरं सुचतील, तर तोही गोंधळच. म्हणून मी दोन मजकूर ठेवते, एक ओळखीचा आणि एक थोडा लांबचा, आणि दोन्हींत मूल कसं वागतं ते बघते.

आता क्लोझची सगळ्यांत मोठी मर्यादा. १९८२ मध्ये शॅनहन, कामिल आणि टोबिन यांनी वाक्यांचा क्रम उलटापालटा केलेल्या मजकुरावर क्लोझ घेतलं. गोष्ट विस्कटली, तरी गुण फारसे उतरले नाहीत. म्हणजे जागा भरायला वाचणाऱ्यांना त्या वाक्यापुरता अर्थ पुरत होता, आधीच्या वाक्यात काय घडलं हे लागत नव्हतं. आपण हे कबूल करायला हवं की क्लोझ मुख्यतः वाक्याच्या आतलं वाचन तपासतं. वाक्याला वाक्य जोडून गोष्ट उभी करणं त्यात पुरेसं दिसत नाही. म्हणून जागा भरून झाल्यावर मी कागद परत घेते आणि तीन प्रश्न तोंडी विचारते. 'रामभाऊकडे मुलगी का आली?' हा एक, धड्यात थेट उत्तर असलेला. 'दोघे झाडाखालीच का बसले असतील?' हा दोन वाक्यं जोडून उत्तर देण्याचा. आणि 'आता पुढे काय होईल?' हा तिसरा. रेखाने पहिल्या दोहोंची उत्तरं अहिराणीत दिली, मी ती पूर्ण गुणांनी धरली. तिसऱ्याला ती गप्प राहिली. तेही मी लिहून ठेवलं.

लिहिताना हात थकणारी मुलं आपल्याकडे असतात. ऊसतोडीच्या फडावरून आलेल्या मुलाच्या बोटांना पेन्सिलची सवय नसते आणि तिसाव्या जागेपाशी तो लिहिणं सोडून देतो. शेवटच्या वीस जागा कोऱ्या दिसल्या की आपल्याला वाटतं वाचनच संपलं. तेव्हा कागदावर नीट बघा. कोऱ्या जागा सगळीकडे विखुरलेल्या असतील तर वाचनाची अडचण असू शकते. एका जागेपासून पुढे सलग कोरं असेल तर बहुधा हात थकलाय किंवा कंटाळा आलाय. अशा मुलाची उरलेली उत्तरं मी तोंडी घेते, मी लिहिते, तो सांगतो. आकडा काढताना मात्र तोंडी भाग वेगळ्या शाईत लिहिते, कारण माझा तक्ता लिहिलेल्या उत्तरांचा आहे.

एकदा दिलेला कागद त्याच मुलाला पुन्हा देऊ नका. दुसऱ्या वेळी तो वाचत नाही, आठवतो. म्हणून प्रत्येक इयत्तेच्या तोडीचे दोन मजकूर लागतात, एक आल्यावर आणि एक दिवाळीनंतर. ते बनवायला एक शनिवार जातो. आम्ही तिघी शिक्षिकांनी केंद्रातल्या केंद्रात वाटून घेतले होते, म्हणून प्रत्येकीला दोनच करावे लागले.

रेखाचं पुढे काय झालं, ते विचाराल. क्लोझवरून गट ठरवला म्हणजे झालं, असं मी धरत नाही. तीन आठवडे मी दोन गोष्टी पाहिल्या. पाचवीच्या पानावर ती किती वेळा मला थांबवून शब्द विचारते, आणि घरी नेलेली चौथीची गोष्ट दुसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता सांगू शकते का. पहिल्या आठवड्यात ती पानाला सहा-सात शब्द विचारायची. मी तिला शब्द सांगत नसे, वाक्याच्या शेवटाकडे बोट नेत असे आणि म्हणत असे, 'आधी क्रियापद शोध, मग मागे ये.' तेरा जागांनी तिची जी सवय दाखवली होती, तिच्यावरच मी काम करत होते. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच बोट उजवीकडे सरकवायला लागली होती. मग ऑक्टोबरात मी तिला त्याच तोडीचा दुसरा मजकूर दिला. नेमके शब्द २४ आले, बसणारे ११. डावीकडे बघून लिहिलेल्या चुका तेरावरून पाचवर आल्या होत्या. दिवाळीनंतर तिचं घर परत ऊसतोडीला जाणार होतं. तिच्या बापाला मी तो कागद दिला आणि सांगितलं, जिथे जाल तिथल्या शाळेतल्या बाईंना हा दाखवा, दाखल्यासोबत ठेवा. कागदाच्या मागे मी मजकूर कोणता, मोजणी कुठून सुरू, नेमके किती, बसणारे किती, अहिराणीत किती, आणि तिला अडतं कशापाशी हे सहा ओळींत लिहून दिलं होतं.